नव्या माणसाला किती पगार द्यायचा? एका डाळ मिलच्या हिशोबातून

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरवताना शेतकरी महिन्याचा विचार करत नाही. वर्षाचे किती, धान्य किती, कपडे कोणते, उचल किती, हे सगळं एका बैठकीत बोललं जातं आणि मग आकडा ठरतो. त्याच घरातला मुलगा एमआयडीसीत युनिट टाकतो आणि ऑफिससाठी पहिला माणूस ठेवायची वेळ येते, तेव्हा मात्र तो शेजारच्या युनिटवाल्याला विचारतो, "भाऊ, तुम्ही किती देता?" शेजारी म्हणतो बारा हजार, की हाही बारा हजारच धरतो. शेजाऱ्याच्या माणसाचं काम काय, तो किती तास बसतो, दिवाळीला काय मिळतं, यातलं काहीच विचारलं जात नाही.

हा लेख पहिल्यांदाच असा माणूस ठेवणाऱ्यांसाठी आहे. दोन गोष्टी ठरवायच्या असतात आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक म्हणजे पगाराची रेंज: कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. दुसरं म्हणजे भरतीचं बजेट: तो माणूस कामाला लागून आपला खर्च भरून काढेपर्यंत तुमच्या खिशातून किती जाणार. बहुतेक जण फक्त पहिल्याचा विचार करतात आणि दुसऱ्यापाशी अडकतात.

आकड्यांसाठी एक उदाहरण घेऊ. जळगाव एमआयडीसीतली एक छोटी डाळ मिल आहे. वर्षाची विक्री ८ कोटी. कायम पगारावर १४ माणसं, त्यात ऑफिसात फक्त एक मुनीम. बिलं, गाड्या, व्यापाऱ्यांना फोन, उधारीची वसुली, बँक हे सगळं मालक स्वतः बघतात. आता त्यांना विक्री आणि वसुली सांभाळणारा एक माणूस हवाय. मिल काल्पनिक आहे आणि तिचे पगाराचे आकडेही मी धरलेले आहेत. तुम्ही स्वतःचे आकडे घालायचे, पद्धत तीच राहील.

आधी पद नको, काम लिहा

"अकाउंटंट पाहिजे" अशी जाहिरात दिली की बी. कॉम. झालेली, टॅली शिकलेली पोरं येतात. मालकांना हवा असतो पार्टीला फोन करून पैसे आणणारा माणूस. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांचा बाजारभावही वेगळा आहे. म्हणून आधी एका आठवड्याची वही ठेवा. मालक म्हणून रोज कोणतं काम केलं आणि त्याला किती वेळ गेला, एवढंच त्यात लिहायचं.

आपल्या मिलमध्ये अशी वही ठेवली तर साधारण हे दिसेल: रोज दोन तास बिलं, बिल्टी आणि गाडी भरण्यात, दीड तास वसुलीच्या फोनवर, अर्धा तास बँक आणि काट्याच्या पावत्या जुळवण्यात. म्हणजे दिवसाचे चार तास. उरलेले चार तास त्या माणसाकडून मुनीमजींना मदत होईल. काम पूर्ण दिवसाचं आहे हे इथेच कळतं. वहीत दोनच तास निघाले असते तर पूर्ण दिवसाचा माणूस ठेवायची गरजच नव्हती. सीएच्या ऑफिसकडे हिशोब देऊन किंवा अर्ध्या दिवसाचा माणूस घेऊन भागलं असतं.

वरची मर्यादा: हे काम तुम्हाला वर्षाला किती देणार

पगाराची वरची मर्यादा बाजार ठरवत नाही, ती तुमचा धंदा ठरवतो. म्हणून बाजारात चौकशी करण्याआधी हा हिशोब करा. उलट क्रमाने गेलात तर बाजारातला आकडा डोक्यात बसतो आणि पुढचा हिशोब त्याच आकड्याला जुळवला जातो.

मिलची विक्री वर्षाला ८ कोटी, म्हणजे दिवसाला साधारण २ लाख १९ हजार. टॅलीत आज एकूण येणं १ कोटी ५ लाख दिसतंय. त्याला रोजच्या विक्रीने भागलं की ४८ येतात. म्हणजे माल गेल्यापासून पैसे यायला सरासरी ४८ दिवस लागतात. बिलावर मात्र ३० दिवस छापलेले असतात. पार्ट्या वाईट नाहीत, पण तिसाव्या दिवशी कोणाचा फोन जात नाही. मालक बेचाळिसाव्या दिवशी, बँकेची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी लिमिट भरत आली की, एकदम सगळ्यांना फोन करत सुटतात.

नियमित फोन करणारा माणूस आला तर हे ४८ दिवस ३० वर येतील असं धरू नका. ४० वर येतील असं धरा. आठ दिवस कमी झाले तर साडेसतरा लाख रुपये बाजारातून परत येऊन सीसीत बसतात. सीसीचं व्याज ११ टक्के असेल तर वर्षाला १ लाख ९० हजारांच्या आसपास व्याज वाचतं. इथे एक चूक फार होते. साडेसतरा लाख हीच कमाई समजली जाते. ते पैसे तुमचेच होते, ते फक्त लवकर आले. कमाई आहे ती व्याजाची.

दुसरा फायदा मालकांच्या मोकळ्या वेळाचा. तुरीचा आणि हरभऱ्याचा हंगाम असतो तेव्हा मालक ऑफिसात अडकलेले असतात आणि माल दलालाच्या भरवशावर घेतला जातो. स्वतः अमळनेरला, चोपड्याला किंवा अकोल्याला जाऊन ढीग हातात घेऊन बघितला तर ओलावा आणि काडीकचरा जागेवरच कळतो. गेल्या वर्षीची खरेदी काढून बघा. मालकांनी स्वतः घेतलेला माल आणि दलालामार्फत आलेला माल, दोन्हींचा डाळीचा उतारा आणि दलालीसकट पडलेला भाव शेजारी शेजारी लिहा. समजा क्विंटलमागे ४० रुपयांचा फरक निघाला आणि मालक वर्षाला ४ हजार क्विंटल स्वतः घेऊ शकले, तर १ लाख ६० हजार वाचतात.

दोन्ही मिळून साडेतीन लाख. शिस्त येईल, चुका कमी होतील, मालकांची तब्येत सांभाळली जाईल, हे फायदे खरे आहेत, पण त्यांचा आकडा काढता येत नाही. या हिशोबात ते शून्य धरा. आकडा निघत नाही ते मिळालं तर वरची मिळकत समजायची.

साडेतीन लाख पूर्णच्या पूर्ण पगारात घालायचे नाहीत. माणूस सांभाळणं, त्याच्या सुट्ट्या, अंदाज चुकण्याची शक्यता यांसाठी पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. उरतात २ लाख ८० हजार. या माणसावर वर्षभरात एकूण एवढाच खर्च करायचा.

पगाराला बाराने नाही, चौदाने गुणा

आता या २ लाख ८० हजारांत महिन्याचा पगार किती बसतो? बरेच जण १२ ने भागून २३ हजार काढतात आणि दिवाळीला तोंडघशी पडतात.

वर्षाचे बारा पगार तर आहेतच. त्यावर दिवाळीला एक पगार बोनस, हा आपल्याकडचा रिवाज आहे. कायद्यात बोनस किमान ८.३३ टक्के आहे, तो साधारण एका पगाराइतकाच येतो. झाले तेरा.

पुढे ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा. कारखान्यात १० किंवा जास्त माणसं असतील तर ती लागू होते आणि महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. मालकाचा वर्षभराचा हिस्सा म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराचा चार दशांश.

मग ग्रॅच्युइटी. हीसुद्धा १० माणसांपासून लागू होते. नोकरीच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि महिन्याचे दिवस २६ धरायचे. साधारणपणे ती पाच वर्षांनंतर द्यावी लागते. लहान युनिटमध्ये ती बाजूला काढली जात नाही, आणि पाच-दहा वर्षांनी माणूस सोडून जातो तेव्हा एकदम मोठी रक्कम उभी राहते. दरवर्षी एका महिन्याच्या पगाराचा सहा दशांश भाग त्यासाठी धरा.

बेरीज केली की पगाराच्या चौदा पट होते. डोक्यात ठेवायला सोपा आकडा आहे: दहा हजार पगार म्हणजे वर्षाला एक लाख चाळीस हजार.

पीएफ २० माणसांपासून लागतो. आपल्या मिलमध्ये नव्या माणसासकट १५ होतात, म्हणून इथे तो धरला नाही. तुमच्याकडे लागू असेल तर मालकाचा १२ टक्के हिस्सा आणि वरचे आकार मिळून १३ टक्के होतात, आणि १५ हजारांपर्यंतच्या पगारावर चौदाच्या ऐवजी साडेपंधराने गुणावं लागतं. माणसं मोजताना मुकादमाकडून आलेली माणसंही मोजणीत येऊ शकतात, हे तुमच्या सीएला किंवा लेबर कन्सल्टंटला आधीच विचारून घ्या. सतरा-अठरा माणसांवर असलेल्या युनिटने तर विचारलंच पाहिजे, कारण एक-दोन माणसं वाढली की सगळ्यांचाच खर्च बदलतो.

मूळ पगार कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यात टाकायची जुनी युक्ती आता चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. एवढ्या छोट्या पगारात तुकडे न पाडलेलेच बरे.

आपल्या मिलचा हिशोब असा: २ लाख ८० हजारांतून मोबाईल रिचार्ज, पेट्रोल, सॉफ्टवेअर असा महिना दीड हजार, म्हणजे वर्षाचे १८ हजार वजा. उरले २ लाख ६२ हजार. भागिले १४ केलं की १८,७०० येतात. ही झाली वरची मर्यादा. पण अजून ती पक्की नाही.

मुनीमजींचा पगार मध्ये येतोच

नव्या माणसाचा पगार गुपित राहील असं समजू नका. पंधरा माणसांच्या मिलमध्ये तो संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्यांना माहीत होतो.

मुनीमजी अकरा वर्षांपासून आहेत आणि त्यांना १५ हजार मिळतात. नवा माणूस १६ हजारांवर आला तर ते कदाचित काही बोलणार नाहीत. पण नव्या माणसाला कोणती पार्टी कधी पैसे देते, कोणाकडे फोन करायचा नसतो, कोणाच्या मुलाशी बोलायचं असतं, हे सांगणारे तेच आहेत. ते मनातून बाजूला झाले तर वसुलीचे आठ दिवस विसरा.

म्हणून त्यांची पगारवाढ नव्या माणसाच्या बजेटमध्येच धरा, आणि ती नवा माणूस यायच्या आधी द्या. नंतर दिली तर ती समजूत काढल्यासारखी दिसते. दोन हजार वाढ धरली तर १४ पटीने २८ हजार. २ लाख ६२ हजारांतून हे वजा केले की उरले २ लाख ३४ हजार, आणि वरची मर्यादा येते १६,७००. मुनीमजी १७ हजारांवर जातात, म्हणजे नवा माणूस कमाल पगारावर आला तरी त्यांच्या खालीच राहतो.

हा दोन हजारांचा फरक अनेकांना जड वाटतो. मला तो या सगळ्या हिशोबातला सर्वात उपयोगी खर्च वाटतो.

खालची मर्यादा

खालून पहिली मर्यादा कायद्याची. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनुसार ठरतं. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून गेल्या वर्षी कोणी सांगितलेला आकडा वापरू नका. कामगार आयुक्त कार्यालयाचा चालू सहामाहीचा दर बघा आणि तो तुमच्याच उद्योगाचा आहे ना, हे तपासा.

दुसरी मर्यादा बाजाराची. इथे चौकशी नीट केली तर बाकी सगळं सोपं होतं. सर्वात चांगला माणूस तुमचा सीए, कारण त्याच्याकडे पन्नास धंद्यांची पगारपत्रकं येतात. तो नावं सांगणार नाही, आणि सांगूही नयेत, पण "वसुली आणि बिलं बघणारा, तीनेक वर्षं अनुभव असलेला माणूस सध्या कितीवर आहे?" या प्रश्नाचं उत्तर देईल. त्यानंतर दाणा बाजारातले दोन-तीन व्यापारी, ट्रान्सपोर्टचं ऑफिस आणि एखादं चटई किंवा पाइपचं युनिट. शेवटी मुलाखतीला आलेले उमेदवार. आठ-दहा जण भेटले की बाजाराचा अंदाज येतोच.

पण प्रत्येक आकडा एका मापात आणा. कोणी हातात येणारे सांगतो, कोणी कापून जायच्या आधीचे. कोणाचा दिवस नऊ ते सहा, कोणाचा नऊ ते नऊ. कोणाला दिवाळीला पूर्ण पगार, कोणाला मिठाईचा डबा. समजा तुम्हाला सहा आकडे मिळाले: ११, १३, १४, १५, १७ आणि २२ हजार. २२ वाला मोठ्या कंपनीत आहे, तिथे पीएफ आहे, बस आहे, बढतीची शिडी आहे. त्याच्याशी बरोबरी करू नका, तो बाजूला काढा. १७ वाला रोज अकरा तास बसतो. नऊ तासांच्या हिशोबाने तो १४ हजारांच्या आसपास येतो. ११ वाला नुकताच पास झालेला आहे. उरलं काय? कामाचा अनुभव असलेल्या माणसाचा भाव १३ ते १५ हजार. तुमच्या कामात फोनवरची वसुली आहे, ती सगळ्यांना जमत नाही, म्हणून मधला आकडा १४,५०० धरायला हरकत नाही.

पुण्याची तुलना हमखास निघते. पोरगं म्हणतं, मित्राला पुण्यात २० मिळतात. खोली, मेस आणि येण्याजाण्याचे ११ हजार वजा केले तर त्याच्या हातात ९ उरतात. इथे भुसावळहून किंवा धरणगावहून रेल्वेने अपडाउन करणाऱ्याच्या हातात १४ मधले ११-१२ सहज राहतात. हिशोब बरोबर आहे, आणि उमेदवाराला तो मोकळेपणाने दाखवावा. पण याच हिशोबाच्या जोरावर त्याला ११ हजारांवर आणायला जाऊ नका. पुण्याला जाणारा फक्त उरलेल्या पैशांसाठी जात नाही, दोन वर्षांनी ३० होतील या आशेने जातो. तुमच्याकडे दोन वर्षांनी काय होईल, याचं उत्तर तुमच्याजवळ असलं पाहिजे. त्यासाठीच रेंज लागते, एकच आकडा पुरत नाही.

रेंज बांधणं

वरची मर्यादा १६,७००. बाजाराचा मधला आकडा १४,५००. खालचं टोक १३,५००, अर्थात ते तुम्हाला लागू असलेल्या किमान वेतनाच्या वर असेल तरच. रेंज झाली १३,५०० ते १६,५००.

या तीन हजारांत कोण कुठे बसतो ते उमेदवार यायच्या आधी लिहून ठेवा. बिलं आणि टॅली येते पण वसुली कधी केली नाही, तो १३,५००. दोन्ही केलंय पण दुसऱ्या धंद्यात, तो १४,५००. धान्य-डाळीच्या व्यापारात वसुली केलेली आहे, नागपूर-इंदूरच्या पार्ट्यांशी बोलायची सवय आहे, तो १५,५००. वरचे एक हजार कोणालाच पहिल्या दिवशी द्यायचे नाहीत, ते पुढच्या वाढीसाठी. सगळं सुरुवातीलाच देऊन टाकलं तर पुढच्या वर्षी वाढ द्यायला जागा उरत नाही आणि चांगला माणूस दिवाळीचा बोनस घेऊन जातो.

"आधी किती होता?" हे विचारून त्यावर हजार वाढवायची पद्धत सोडा. त्यात आधीच्या मालकाची चूक तुमच्याकडे येते. चार वर्षं घरी राहून परत कामाला निघालेल्या बाईंचा आधीचा पगार ९ हजार असतो आणि त्या १० ला तयार होतात. काम तेच असेल तर तिच्या अनुभवाची जागा तुमच्या कागदावर आधीच लिहिलेली आहे, तेवढे द्या. त्याच कामाला बाई म्हणून कमी पगार देणं कायद्यातही बसत नाही, आणि कळल्यावर ती थांबतही नाही.

वसुलीवर टक्केवारी ठेवावी का, असं अनेक जण विचारतात. पहिल्या वर्षी ठेवू नका. टक्केवारीवरचा नवा माणूस वीस वर्षांच्या जुन्या पार्टीला तिसाव्या दिवशी कडक बोलतो, आणि पुढची गाडी ती पार्टी दुसऱ्या मिलमधून घेते.

आणि वरची मर्यादा बाजाराच्या खालीच निघाली तर? समजा तुमचा हिशोब ११ हजारांवर थांबला आणि बाजार १४ म्हणतो. तेव्हा ११ ला मिळेल तो माणूस ठेवणं हा सर्वात महागडा रस्ता आहे. तो सहा महिन्यांत जातो आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता. त्यापेक्षा काम लहान करा: फक्त वसुली आणि बिलं, रोज चार तास, ८ हजार. किंवा एक वर्ष थांबा.

पहिल्या वर्षाचं बजेट

रेंज ठरली तरी पैसे आहेत का, हा प्रश्न राहतोच. साडेतीन लाखांचा फायदा माणूस तयार झाल्यावरचा आहे. पहिल्या वर्षी त्याला पार्ट्या कळायला वेळ लागतो, मालकही लगेच फोन सोडत नाहीत. निम्मा फायदा धरा: १ लाख ७५ हजार.

खर्च बघू. १४,५०० पगाराला १४ ने गुणून २ लाख ३ हजार. फोन-पेट्रोलचे १८ हजार. मुनीमजींच्या वाढीचे २८ हजार. कॉम्प्युटर, टेबल-खुर्ची आणि जाहिरात मिळून एकदाच ४० हजार. एकूण २ लाख ८९ हजार. फायदा वजा केला की १ लाख १४ हजारांची तूट दिसते. हेच तुमचं भरतीचं खरं बजेट. एवढे पैसे खिशातून घालायची तयारी असेल तरच जाहिरात द्या.

आता हे पैसे कोणत्या महिन्यात लागतील ते बघा. गेल्या दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा आणि सर्वात ओढाताणीचे तीन महिने शोधा. बऱ्याच डाळ मिलमध्ये ते पावसाळ्यातले असतात, जेव्हा बाजारात आवक आटते. त्या महिन्यांत ७ तारखेपर्यंत सगळ्यांचे पगार झाले होते का? ७ ही पगाराची कायद्याने ठरलेली शेवटची तारीख आहे. तेव्हा उसने घेऊन पगार केले असतील, तर नव्या माणसाचे तीन महिन्यांचे पैसे आधीच वेगळे ठेवा. बोनस आणि ग्रॅच्युइटी धरून १४,५०० चा महिन्याचा भार साधारण १७ हजार होतो, तीन महिन्यांचे ५१ हजार. हंगामात तूर-हरभऱ्याच्या खरेदीने सगळे पैसे ओढून नेण्याआधी ते वेगळ्या खात्यात टाका.

सांगताना हातात येणारा आकडा सांगा

जाहिरातीत किंवा पहिल्या फोनवरच रेंज सांगा. "पगार मुलाखतीत ठरेल" असं लिहिलं की वीस हजारांच्या अपेक्षेने आलेली माणसं तुमची दुपार घेऊन जातात. सांगताना सुरुवातीची रेंज सांगा, १३,५०० ते १५,५००, कारण वरचा हजार वाढीसाठी राखून ठेवलाय.

नेमणुकीच्या पत्रात पूर्ण गणित लिहा. पगार १४,५००. ईएसआयसी १०९ कापले, व्यवसाय कर २०० कापला, हातात १४,१९१. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, तेव्हा १४,०९१. महिला असेल तर महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून हातात १४,३९१. दिवाळीला एक पगार, आणि पहिल्या वर्षी जितके महिने काम तितक्या प्रमाणात. वाढ केव्हा आणि कशावर, हेही तिथेच. पहिल्याच पगाराला "तीनशे कमी का आले?" हा प्रश्न निघाला की विश्वासाला तडा जातो, आणि तो पत्रातल्या चार ओळींनी टाळता येतो.

रेंज चुकली की बाजार स्वतःच सांगतो. अर्ज भरपूर, पण सगळे नुकतेच पास झालेले, तर आकडा कमी आहे. अनुभवी माणसं येतात, हो म्हणतात आणि रुजू होत नाहीत, तर ते तुमचा आकडा सध्याच्या मालकाला दाखवून तिथे वाढ घेत आहेत. तुमचा आकडा तेव्हा बरोबर असतो, फक्त निर्णय दोन दिवसांत द्या, आठ दिवस लावू नका. आणि पहिल्याच दिवशी तीन चांगले उमेदवार कसलीही घासाघीस न करता तयार झाले, तर कदाचित तुम्ही जास्त देताय. पण दिलेला शब्द त्यामुळे मागे घेऊ नका.

सहाव्या महिन्यात दोन आकडे

सहा महिने झाले की टॅली उघडा आणि येणं भागिले रोजची विक्री पुन्हा करा. ४८ चे ४४ झाले असतील तर काम रुळावर आहे, ठरलेली वाढ द्या. ४८ चे ४८ च असतील तर माणसाला बोलण्याआधी त्याच्या फोनची वही बघा. तिसाव्या दिवशी फोन जातोय पण पैसे येत नाहीत, की फोनच जात नाही? पहिल्या प्रकारात पार्टीशी मालकांनीच बोलायला हवं.

दुसरा आकडा मालकांचा स्वतःचा आहे: या सहा महिन्यांत तुम्ही किती क्विंटल माल स्वतः बाजारात उभं राहून घेतला? १६,७०० च्या मर्यादेत १ लाख ६० हजार त्या खरेदीचे होते. तुम्ही अजूनही ऑफिसातच बसून नव्या माणसाच्या शेजारी फोन लावत असाल, तर ते १ लाख ६० हजार हिशोबातून काढा. मग वर्षाचा फायदा १ लाख ९० हजार राहतो, पाचवा हिस्सा बाजूला काढला की १ लाख ५२ हजार, आणि त्यातून १८ हजार आणि २८ हजार वजा करून १४ ने भागलं की साडेसात हजार येतात. त्या आकड्याला १४,५०० चा माणूस परवडत नाही, आणि तो माणूस कितीही चांगला असला तरी त्यात त्याचा दोष नाही. पुढच्या सोमवारी सकाळी अमळनेरच्या बाजार समितीत जायचं ठरवा आणि मिलची चावी त्याच्याकडे द्या.